चौकटीतील प्रत्येक बाण तपासता आला पाहिजे

वाचकाचे पत्र

मॅडम, मी एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘टाइप २ मधुमेही रुग्णांच्या पायांच्या निगेविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा होणारा परिणाम’ हा माझा विषय आहे. ओपीडीतील ६० रुग्ण घेणार आहे. सीनियरचा प्रबंध पाहून जनरल सिस्टिम थिअरीवर आधारित इनपुट, थ्रूपुट, आउटपुट अशी आकृती काढली आणि आउटपुटमध्ये ज्ञान, पायांची निगा व एचबीए१सी असे तिन्ही लिहिले. सिनॉप्सिसच्या वेळी परीक्षकांनी विचारले, “या आकृतीतून तुमच्या परिकल्पना कशा निघाल्या?” मला उत्तर देता आले नाही. गाइड म्हणतात, ओरेमची थिअरी घे. थिअरी बदलली की हा प्रश्न सुटेल का? आकृती, चले आणि परिकल्पना यांची जोडणी नेमकी करायची कशी?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

केवळ थिअरी बदलल्याने हा प्रश्न सुटणार नाही, परंतु तुमच्या गाइडने सुचवलेली थिअरी या विषयाला खरोखरच योग्य आहे. तेव्हा ती का योग्य आहे, येथूनच सुरुवात करू.

जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टालान्फी यांची सिस्टिम थिअरी कोणत्याही व्यवस्थेला लागू पडावी म्हणून मांडलेली आहे. बाहेरून काही आत येते, आत त्यावर प्रक्रिया होते, काही बाहेर पडते आणि त्याची माहिती पुन्हा आत पोचते. हे वर्णन पेशीलाही लागते, कारखान्यालाही लागते आणि शिक्षण कार्यक्रमालाही लागते. नेमके याच कारणाने ते तुमच्या रुग्णाविषयी विशेष असे काही सांगत नाही. शिकवल्यानंतर ज्ञान का वाढावे, वाढलेल्या ज्ञानामुळे वागणूक का बदलावी आणि कोणत्या रुग्णात ती बदलणार नाही, यांपैकी कोणताही दावा ती थिअरी करत नाही. जिथे दावाच नाही, तिथून परिकल्पना निघणार नाही. परीक्षकांचा प्रश्न म्हणूनच रास्त होता.

डोरोथिया ओरेम यांची मांडणी असे दावे करते. १९७१ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या आणि पुढे विकसित होत गेलेल्या या मांडणीचा गाभा असा की, माणसाला स्वतःच्या आरोग्यासाठी काही कृती सतत कराव्या लागतात आणि आजारात त्या कृतींची गरज वाढते. ती गरज भागवण्याची माणसाची जी क्षमता असते, तिला ओरेम सेल्फ-केअर एजन्सी म्हणतात. आपण स्वनिगा-क्षमता म्हणू. क्षमता गरजेपेक्षा कमी पडली की तूट निर्माण होते आणि तिथे परिचारिकेचे काम सुरू होते. ते काम रुग्णासाठी सर्व काही करण्याचे, काही भाग करण्याचे, किंवा शिकवण्याचे आणि आधार देण्याचे असू शकते. तुमचा ओपीडीतील रुग्ण चालता-फिरता आहे, त्याला शिकवायचे आहे. म्हणजे तुमचा कार्यक्रम तिसऱ्या प्रकारात, आधार-शिक्षण व्यवस्थेत बसतो. स्वनिगा-क्षमता सर्वांत सारखी नसते. वय, आरोग्यस्थिती, कुटुंब, राहणीमान, उपलब्ध साधने अशा बेसिक कंडिशनिंग फॅक्टर्सचा तिच्यावर प्रभाव पडतो, असेही ओरेम सांगतात.

यात बाण दडलेले आहेत, ते बाहेर काढू. शिक्षणामुळे स्वनिगा-क्षमता वाढते, हा पहिला. ज्याची क्षमता अधिक, तो निगा अधिक घेतो, हा दुसरा. रुग्णाच्या परिस्थितीनुसार क्षमता कमी-अधिक असते, हा तिसरा. तुमच्या अभ्यासाला एवढे तीन पुरेत.

आता जोडणीकडे वळू. जॅकलिन फॉसेट यांनी संशोधनाची रचना तीन पातळ्यांवर पाहायला शिकवले आहे: सर्वांत वर थिअरीतील अमूर्त संकल्पना, तिच्याखाली तुमच्या अभ्यासापुरता तिचा मर्यादित अर्थ आणि तळाशी तो अर्थ मोजणारे साधन. वरच्या प्रत्येक संकल्पनेतून सरळ खाली उतरून एखाद्या साधनापर्यंत पोचता आले पाहिजे आणि हातातील प्रत्येक साधनातून वर चढत एखाद्या संकल्पनेपर्यंत जाता आले पाहिजे. मध्येच वाट संपली, तर चूक तिथे आहे असे समजावे. मी विद्यार्थ्यांच्या सिनॉप्सिस वाचते तेव्हा आकृतीकडे नंतर पाहते. आधी ही उभी वाट तपासते.

तुमच्या विषयात ही वाट उतरून पाहू. वरची संकल्पना स्वनिगा-क्षमता. तुमच्या शीर्षकात आहे ज्ञान, म्हणजे तुमच्याजवळ बहुधा प्रश्नावली तयार असेल. बहुतेक प्रबंध इथेच घसरतात, कारण आकृतीत क्षमता लिहिलेली असते आणि मोजलेले असते केवळ ज्ञान. ओरेम क्षमतेच्या वापरात तीन प्रकारच्या क्रिया मानतात: काय करणे आवश्यक आहे हे जाणणे, ते करायचे असे ठरवणे आणि प्रत्यक्ष करणे. प्रश्नावली यातील पहिल्याच क्रियेपर्यंत पोचते. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, हे बरोबर सांगणाऱ्या आजींना गुडघेदुखीमुळे वाकून पायापर्यंत हातच नेता येत नसेल, तर त्यांचे ज्ञान पूर्ण आणि क्षमता अपुरी आहे. प्रश्नावलीत त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळतील.

यावर दोन प्रामाणिक मार्ग आहेत. पहिला, आकृतीतच ‘स्वनिगा-क्षमतेचा ज्ञानविषयक घटक’ असे लिहून दावा तेवढाच ठेवणे. दुसरा, एक निरीक्षण तपासणीसूची जोडणे. पाय धुणे, बेचक्या पुसणे, आरशात तळवा पाहणे, नखे सरळ रेषेत कापण्याची पद्धत दाखवणे अशा पायऱ्या रुग्णाकडून तुमच्यासमोर करून घ्यायच्या आणि प्रत्येकीची नोंद करायची. तुम्ही दुसरा मार्ग घ्यावा असे मला वाटते, कारण त्याने क्षमतेचे दोन घटक मोजले जातात आणि रुग्णामागे फारसा वेळही वाढत नाही. राहिला मधला घटक, म्हणजे निर्धार. तो तुम्ही मोजत नसाल, तर आकृतीत तुटक रेषेच्या चौकोनात ठेवा आणि खाली ‘या अभ्यासात समाविष्ट नाही’ अशी नोंद करा. संकल्पना गाळण्यापेक्षा ती मोजलेली नाही हे सांगणे केव्हाही अधिक शास्त्रीय.

दुसरी संकल्पना प्रत्यक्ष स्वनिगा. ती क्षमतेपासून वेगळी ठेवा, कारण दुसरा बाण या दोहोंच्या मधोमध आहे आणि दोन्ही एकाच साधनाने मोजल्या तर त्या बाणाला अर्थ उरत नाही. मधुमेहातील स्वनिगेसाठी टूबर्ट, हॅम्पसन आणि ग्लासगो यांची एसडीएससीए ही मोजणी वापरात आहे. तिच्यात पायांविषयी दोन मुख्य प्रश्न आहेत: गेल्या सात दिवसांत किती दिवस पाय तपासले आणि किती दिवस बुटांची आतली बाजू पाहिली. उत्तर ० ते ७ दिवस. ही रचना चांगली आहे, कारण ती रुग्णाला मत विचारत नाही, दिवस विचारते. पण दुसरा प्रश्न तुमच्या ओपीडीत अडेल. आपल्याकडील अनेक रुग्ण चपला वापरतात, घरात अनवाणी वावरतात, देवळात पादत्राणे बाहेर काढून ठेवतात. बूट न घालणाऱ्या रुग्णाचे उत्तर ० आले, तर ती निष्काळजीपणाची नोंद होईल, आणि ती चुकीची असेल. म्हणून त्या जागी ‘चप्पल घालण्यापूर्वी ती हाताने चाचपून खडा, काटा किंवा खिळा आहे का हे किती दिवस पाहिले’ असा प्रश्न लागेल, आणि घरात अनवाणी राहण्याविषयीही एक प्रश्न घालावासा वाटेल. असा बदल केला, की मूळ साधन म्हणून त्याचा उल्लेख करता येत नाही. ज्यांचे साधन आहे त्यांची अनुमती, तज्ज्ञांकडून आशयाची वैधता, मराठी अनुवादाची उलट अनुवादाने पडताळणी आणि पायलट स्टडीत विश्वसनीयता, हे सर्व पुन्हा करावे लागते. सिनॉप्सिसच्या वेळापत्रकात त्यासाठी जागा ठेवा.

तिसरी जागा आहे एचबीए१सीची, आणि ती आकृतीतून काढून टाका. या तपासणीत साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दिसते. तुमचा कार्यक्रम पायांच्या निगेचा आहे. त्यात आहार नाही, औषध नाही, व्यायाम नाही. पाय स्वच्छ ठेवल्याने रक्तशर्करा कमी व्हावी असा कोणताही बाण ओरेम देत नाहीत, शरीरशास्त्रही देत नाही. जिथे कारणाची साखळी नाही तिथे आउटपुटचा चौकोन काढला, की परीक्षकाचा पहिला प्रश्न तिथेच येतो. एचबीए१सी हवेच असेल, तर पुढे सुचवणार आहे ते नियंत्रण आणि प्रायोगिक असे दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते का हे दाखवण्यासाठी रुग्णाच्या केसपेपरवरून नोंदवा आणि आरोग्यस्थितीच्या रकान्यात ठेवा.

आता बेसिक कंडिशनिंग फॅक्टर्स. तुमच्या मसुद्यात वय, लिंग, धर्म, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, आहार, कुटुंबप्रकार अशी यादी असेलच, कारण ती सगळ्या प्रबंधांत असते. प्रत्येक घटकापुढे एक वाक्य लिहून पाहा: हा घटक पायांची निगा घेण्याच्या क्षमतेवर कशामुळे प्रभाव टाकेल? शिक्षणाचे उत्तर सहज येते. मधुमेहाचा कालावधी, पूर्वी पायांविषयी कोणी समजावले होते का, दृष्टी, पायापर्यंत हात पोचतो का, तळवा पाहून देणारे घरी कोणी आहे का, यांचीही उत्तरे येतात. धर्म किंवा शाकाहार-मांसाहार यांच्यापुढे वाक्य सुचत नाही. मग त्यांच्यापासून बाणही निघू नये. नमुन्याचे वर्णन करण्यासाठी ती माहिती तक्त्यात द्या, मात्र परिकल्पनेत आणू नका.

हे कठोर वाटेल, परंतु त्यामागे साधे गणित आहे. आठ घटकांचा ज्ञानाच्या पातळीशी संबंध आहे का हे ०.०५ या सार्थकता पातळीवर स्वतंत्रपणे तपासले आणि प्रत्यक्षात एकाचाही संबंध नसला, तरी निदान एक तरी ‘सार्थ’ निघण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते. मग त्या एका निष्कर्षाचे कारण शोधत पाचव्या प्रकरणात पाने भरली जातात. शिवाय मधुमेहाच्या कालावधीचे चार गट आणि ज्ञानाच्या तीन पातळ्या घेतल्या, तर काय-वर्गाच्या तक्त्यात १२ घरे होतात. ६० रुग्णांत सरासरी घराला पाच येतात. केवळ प्रायोगिक गटातील ३० घेतले तर अडीच. अपेक्षित वारंवारता पाचपेक्षा कमी असलेली घरे जास्त झाली की ती चाचणी भरवशाची राहत नाही. त्यापेक्षा तीन-चार घटक निवडा, गट दोन-दोनच ठेवा आणि शक्य तिथे गुणांची विभागणी पातळ्यांत न करता सरासरीचीच तुलना करा.

हा तिसरा बाण कोणत्या वेळच्या गुणांवर तपासायचा, हेही आकृतीच सांगते. रुग्ण जसा तुमच्याकडे आला तशी त्याची क्षमता परिस्थितीने घडलेली असते, म्हणून संबंध पूर्वचाचणीच्या गुणांशी पाहायचा. उत्तरचाचणीशी संबंध पाहिला तर प्रश्न बदलतो; तो कार्यक्रमाचा लाभ कोणाला अधिक झाला याकडे जातो आणि त्यासाठी आकृतीत वेगळा बाण लागेल. अनेक प्रबंधांत उत्तरचाचणीचे गुण कारण न देता घेतलेले दिसतात.

पहिल्या बाणासाठी रचनेचा विचार करावा लागेल. तुमच्या पत्रात नियंत्रण गटाचा उल्लेख नाही. एकाच गटाची पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घेतली, तर वाढ दिसेल. परंतु ती कार्यक्रमाने झाली, की त्याच प्रश्नावलीने लक्ष वेधल्यामुळे, की मधल्या काळात डॉक्टरांनी समजावल्यामुळे, हे सांगता येणार नाही. आकृतीतील बाण कारण सांगतो आणि रचना केवळ बदल दाखवते, अशी ती विसंगती असते. म्हणून ३० आणि ३० असे दोन गट करा. ओपीडीच्या रांगेत बसलेले रुग्ण एकमेकांशी बोलतात, तुमचे माहितीपत्रकही एकमेकांना दाखवतात. त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही गट घेऊ नका. आधी नियंत्रण गटाचे काम, म्हणजे त्यांची उत्तरचाचणीसुद्धा, पूर्ण करा आणि त्यानंतर प्रायोगिक गटाला सुरुवात करा. यात यादृच्छिक विभागणी होत नाही, म्हणून अभ्यास प्रायोगिकसदृश ठरतो, आणि सुरुवातीला गट समान होते का हे दाखवणे बंधनकारक होते. नियंत्रण गटाला उत्तरचाचणीनंतर तेच शिक्षण द्या. नैतिक समितीही ते विचारेल.

उत्तरचाचणी केव्हा घ्यायची? सातव्या दिवशी ज्ञान मोजता येईल, पण ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस’ या प्रश्नाचे उत्तर शिकवल्यानंतरच्या पहिल्याच उत्साहाच्या आठवड्याचे असेल. रुग्ण औषधांसाठी महिन्याने येत असतील, तर तिसाव्या दिवशी घ्या. प्रश्न तेव्हा चौथ्या आठवड्याविषयी बोलेल आणि सवय टिकली का, हे कळेल.

इतके ठरल्यावर परिकल्पना लिहिणे म्हणजे बाणांचे वाचन करणे होय. पहिली: शिक्षण कार्यक्रमानंतर तिसाव्या दिवशी प्रायोगिक गटाच्या ज्ञानगुणांची आणि निरीक्षणसूचीच्या गुणांची सरासरी नियंत्रण गटापेक्षा सार्थपणे अधिक असेल. दुसरी: त्याच दिवशी प्रायोगिक गटाच्या, पायांची निगा घेतलेल्या दिवसांची सरासरी नियंत्रण गटापेक्षा सार्थपणे अधिक असेल. तिसरी: पूर्वचाचणीत सर्व ६० रुग्णांच्या क्षमतागुणांचा आणि निगेच्या दिवसांचा धन सहसंबंध असेल. चौथी: पूर्वचाचणीतील क्षमतागुण आणि शिक्षण, पूर्वीचे समुपदेशन व घरातील मदत यांच्यात सार्थ संबंध असेल. स्वतंत्र चल आहे शिक्षण कार्यक्रम; आश्रित चले आहेत क्षमता आणि प्रत्यक्ष निगा. शून्य परिकल्पना याच चार वाक्यांच्या नकारातून लिहाव्यात, त्यांच्यासाठी नवा विचार लागत नाही.

तिसऱ्या परिकल्पनेत पूर्वचाचणीच का, हे लक्षात घ्या. उत्तरचाचणीचे दोन्ही गट एकत्र करून सहसंबंध काढला, तर प्रायोगिक गटाचे दोन्ही गुण कार्यक्रमाने वर गेलेले असल्यामुळे केवळ दोन गटांच्या अंतरातूनच सहसंबंध दिसू लागतो. शिक्षणाचा परिणाम क्षमतेच्या मार्गाने निगेपर्यंत पोचतो, हे पूर्ण विधान मात्र तुम्ही परिकल्पना म्हणून मांडू नका. त्यासाठी मध्यस्थ चलाचे विश्लेषण लागते आणि ६० रुग्ण त्याला अपुरे आहेत. आकृतीत तो मार्ग दिसू द्या, आणि मर्यादांमध्ये तो स्वतंत्रपणे तपासलेला नाही असे लिहा.

ज्याची चाचणी घ्यायची नाही पण जे धरून चालायचे आहे, ते गृहीतकांत जाते. रुग्ण निगेचे दिवस प्रामाणिकपणे सांगतील, हे गृहीतक आहे. शिक्षणाने ज्ञान वाढते, हे गृहीतकांत लिहून पुन्हा परिकल्पनेतही लिहिलेले मी अनेकदा पाहते. धरून चाललेली गोष्ट सिद्ध करायला निघण्यासारखे ते आहे.

पुढच्या सादरीकरणापूर्वी एक तपासणी अवश्य करा. आकृती झाकून ठेवा, केवळ चार परिकल्पना आणि चलांच्या कार्यात्मक व्याख्या वर्गमैत्रिणीला द्या आणि तिला आकृती काढायला सांगा. तिच्या आकृतीत नसलेला चौकोन तुमच्या आकृतीत असेल, तर तो सजावटीचा आहे. तिने काढलेला बाण तुमच्याकडे नसेल, तर ती परिकल्पना थिअरीशिवाय उभी आहे. कार्यात्मक व्याख्या संख्येपर्यंत गेलेली असावी. ‘पायांची निगा म्हणजे पायांची काळजी घेणे’ हे चालणार नाही. ‘पायांची निगा म्हणजे गेल्या सात दिवसांत पाय तपासणे, चप्पल चाचपणे आणि घरात पादत्राण वापरणे या कृती रुग्णाने किती दिवस केल्याचे सांगितले, त्या दिवसांची सरासरी, ० ते ७’ असे लिहा.

शीर्षकही त्यानुसार बदलावे लागेल, कारण आता तुम्ही ज्ञानापलीकडे मोजत आहात. ‘पायांच्या निगेविषयीची स्वनिगा-क्षमता आणि प्रत्यक्ष निगा यांवर’ असा बदल गाइडशी बोलून करा. सिनॉप्सिस मंजुरीनंतर शीर्षकाला हात लावणे कठीण जाते, म्हणून हे आताच व्हावे.

आणखी एक शक्यता सांगते. पत्रात नाही, पण कदाचित तुमच्या मनात खरा प्रश्न असा असेल की, सगळे माहीत असूनही रुग्ण पायांकडे का पाहत नाहीत? तसे असेल तर ओरेमपेक्षा हेल्थ बिलीफ मॉडेल जवळचे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील समाजमानसशास्त्रज्ञांनी, क्षयाची क्ष-किरण तपासणी मोफत असूनही लोक का येत नाहीत या प्रश्नातून ते उभे केले. त्यातील चले वेगळी आहेत: मला हे होऊ शकते असे वाटणे, झाले तर किती गंभीर असेल याची जाणीव, निगेचे वाटणारे फायदे आणि आड येणारे अडथळे. तिथे ज्ञानाची प्रश्नावली मध्यवर्ती राहणार नाही, समजुती मोजाव्या लागतील. दोन्ही थिअरींचे आवडते चौकोन एका आकृतीत बसवू नका. प्रश्न कोणता हे आधी ठरवा.

विश्लेषण हाती आल्यावर हीच आकृती चर्चेच्या प्रकरणात पुन्हा काढा आणि प्रत्येक बाणावर मिळालेला निष्कर्ष लिहा. समजा ज्ञान आणि निरीक्षणसूची दोन्ही वाढल्या, पण निगेचे दिवस वाढले नाहीत. आकृती नसती तर ‘कार्यक्रम अंशतः परिणामकारक’ असे लिहून तुम्ही थांबला असता. आता पहिला बाण टिकला आणि क्षमतेकडून निगेकडे जाणारा बाण तुटला, हे दिसते. मग तुटक रेषेत ठेवलेल्या निर्धाराच्या चौकोनाकडे, घरातील मदतीच्या नोंदीकडे आणि अनवाणी राहण्याच्या उत्तरांकडे पाहता येते. पुढील संशोधनासाठीची शिफारस त्यातून निघेल: शिकवण्याचे तास वाढवायचे नाहीत, तळवा पाहायला आरसा आणि घरात घालायला वेगळी चप्पल मिळाल्यावर निगेचे दिवस वाढतात का, हे तपासायचे.